पायलट प्रकल्पाचे पैसे टप्प्याटप्प्याने, निकाल पाहून : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपन्यांच्या सीएसआर निधीतून चालणाऱ्या पायलट प्रकल्पांची बजेटं करणं आणि तपासणं हे माझं रोजचं काम. कधी पैसे देणाऱ्याच्या बाजूने बसतो, कधी काम राबवणाऱ्या संस्थेच्या. करारात 'निधी टप्प्याटप्प्याने, ठरलेले निकाल साध्य झाल्यावर' असं एक वाक्य असतं. दोन्ही बाजू ते वाचून मान डोलावतात, आणि भांडण चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होतं. मला पुन:पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळ्या उत्तरांत एकच उदाहरण वापरलं आहे, ते म्हणजे नाशिक जिल्ह्यातल्या वीस कांदाचाळींमध्ये हवा खेळवणारे पंखे बसवण्याचा पायलट. उदाहरण समजावण्यासाठी बांधलेलं आहे आणि आकडे गोल आहेत, पण त्यातल्या अडचणी अनुभवातल्याच आहेत.

आम्ही नेहमीच हप्त्याने पैसे घेतो. मग यात वेगळं काय?

हप्ता आणि गेट यात फरक आहे. घरकुलाचं पाहा. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्याने. बांधकाम ठरलेल्या पायरीपर्यंत आल्याचा फोटो जागेच्या नोंदीसह अपलोड झाला की पुढचा हप्ता पडतो. तिथे प्रश्न एवढाच असतो की काम इथवर झालं का. घर बांधावं की बांधू नये, हा प्रश्न मधल्या पायरीवर कुणी विचारत नाही. अर्धवट घराचा कुणाला उपयोग नसतो.

पायलटमध्ये मात्र तोच प्रश्न विचारायचा असतो. ही कल्पना चालते की नाही हेच माहीत नसतं, म्हणून तर पायलट. कॅनडातल्या रॉबर्ट कूपर यांनी १९८०च्या दशकात कंपन्यांच्या नव्या उत्पादनांसाठी ही पद्धत मांडली. काम टप्प्यांत वाटायचं आणि दोन टप्प्यांच्या मध्ये गेट ठेवायचं. गेटवर हाती आलेली माहिती बघून ठरवायचं की पुढे जायचं, थांबायचं, बदल करून जायचं की बंद करायचं. गेटवर फक्त कागद तपासले जात असतील आणि 'बंद' हा पर्याय कुणाच्या मनातही नसेल, तर तो साधा हप्ता झाला. साध्या हप्त्यात वाईट काही नाही, पण मग त्याला गेट म्हणू नये.

म्हणजे निकाल आला नाही तर आम्ही केलेला खर्च मिळणार नाही?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

पैसे निकालाशी जोडण्याच्या दोन अगदी वेगळ्या पद्धती आहेत. पहिल्या पद्धतीत गेटवर सुटणारे पैसे *पुढच्या* टप्प्याच्या खर्चाचे असतात. निकाल खराब आला तर पुढचा टप्पा होत नाही, म्हणून त्याचे पैसे सुटत नाहीत. मागच्या टप्प्याचा खर्च आधीच दिलेला असतो आणि तो परत मागितला जात नाही. गेटची पद्धत ही.

दुसऱ्या पद्धतीत पैसे *मागच्या* कामाचे असतात. संस्था आधी स्वतःच्या खिशातून खर्च करते आणि निकाल आला तरच भरपाई मिळते. याला निकालाधारित मोबदला म्हणू. ही पद्धतही चांगली चालू शकते, पण त्यासाठी अपयश पोटात घालू शकेल असा तिसरा कुणीतरी लागतो. राजस्थानात भिलवाडा जिल्ह्यात २०१५ ते २०१८ मध्ये 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेच्या कामासाठी असा रोखा, म्हणजे गुंतवणूकदाराकडून आधी पैसे घेण्याचा करार, उभारला होता. संस्थेला कामाचे पैसे यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी दिले. मुलींची पटनोंदणी आणि मुलांचं शिकणं यांचे निकाल स्वतंत्र संस्थेने मोजले आणि त्या निकालांनुसार दुसऱ्या एका फाउंडेशनने ऑप्टिमसला पैसे परत केले. निकाल उद्दिष्टापेक्षा चांगले आले. पण नसते आले तरी संस्थेच्या कर्मचाऱ्यांचा पगार अडकला नसता, कारण जोखीम संस्थेवर नव्हती, गुंतवणूकदारावर होती.

आपल्याकडच्या अनेक करारांत शब्द पहिल्या पद्धतीचे असतात आणि हिशेब दुसऱ्या पद्धतीचा. 'दुसरा हप्ता मध्यावधी निकालानंतर' असं लिहिलेलं असतं, पण पहिला हप्ता मध्यावधीच्या दोन महिने आधीच संपतो. ते दोन महिने संस्था उसनवारीवर काढते. मग मोजणीला जाणाऱ्या क्षेत्र-कर्मचाऱ्याला पक्कं माहीत असतं की आकडा खाली आला तर आपला पगार बुडणार. अशा आकड्यावर मी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

करार हातात आला की मी आधी हेच तपासतो : गेटच्या दिवशी संस्थेच्या बँकेत किती पैसे शिल्लक असतील? शिल्लक शून्य किंवा उणे येत असेल, तर ते गेट नव्हे.

कांदाचाळीच्या उदाहरणात हप्ते कसे पाडले?

थोडी पार्श्वभूमी. रब्बी कांदा साधारण मार्च ते मे या काळात काढला जातो आणि चाळीत भरून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत ठेवला जातो. या मुदतीत काही कांदा वाळून वजनाला घटतो, काही सडतो, काहीला कोंब येतात. पावसाळी दमटपणात सड वाढते. चाळीच्या तळातून पंख्याने हवा ढकलली तर नासाडी कमी होते का, आणि होत असेल तर किती, हे पाहायचं आहे. बजेट ४० लाख, करार सप्टेंबरअखेर, शेवट पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात.

| हप्ता | कधी | रक्कम | कशावर सुटतो |
|---|---|---|---|
| पहिला | करार होताच | ७ लाख | करारावर सह्या |
| दुसरा | गेट १, जानेवारी | १८ लाख | एका चाळीत पंखा बसवून चालवून दाखवला. २० शेतकरी आणि तुलनेसाठी आणखी २० चाळी ठरल्या |
| तिसरा | गेट २, मे | ७ लाख | वीसही चाळींत पंखे बसले. चाळीसही चाळींत कांदा वजन करून भरला |
| चौथा | गेट ३, ऑगस्ट | ६ लाख | ९० दिवसांनंतरची नासाडी तुलनेच्या चाळींपेक्षा निदान एक चतुर्थांशाने कमी |
| शेवटचा | डिसेंबर | २ लाख | लेखापरीक्षण आणि अंतिम अहवाल |

पहिली दोन गेटं पूर्णपणे संस्थेच्या हातातल्या कामावर आहेत. खरा निकाल, म्हणजे नासाडीचा आकडा, फक्त तिसऱ्या गेटवर येतो, आणि त्यावर ४० पैकी ६ लाखच टांगलेले आहेत. निधी देणाऱ्यांना हे कमी वाटतं. पण पंखे बसवल्याशिवाय नासाडी मोजता येत नाही, आणि पंख्यांचा खर्च आधीच करावा लागतो. निकालावर जास्त रक्कम टांगायचा हट्ट धरला तर ती रक्कम झालेल्या खर्चातूनच अडवावी लागेल, म्हणजे आपण पुन्हा दुसऱ्या पद्धतीत शिरलो.

शेवटचे २ लाख या रचनेत बसत नाहीत हे खरं. ते अहवाल वेळेवर यावा म्हणून मागे ठेवले आहेत. अशी राखीव रक्कम पाच टक्क्यांच्या आसपास असावी, त्याहून जास्त नको.

पहिला हप्ता किती मागावा? आमचे सीएसआरवाले सरसकट २५ टक्के म्हणतात.

टक्केवारी विसरा. खर्च मांडा आणि त्यात तपासणीचे दिवस मिळवा.

ऑक्टोबर ते डिसेंबर हा पहिला टप्पा. पगार आणि प्रवास महिन्याला १ लाख २० हजार, म्हणजे तीन महिन्यांचे ३ लाख ६० हजार. चाचणीच्या एका चाळीचा खर्च, दोनदा फेरफार धरून, १ लाख ४० हजार. शेतकऱ्यांच्या निवडीसाठी पाहणी ५० हजार. बेरीज साडेपाच लाख. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण डिसेंबरच्या ३१ तारखेला काम संपलं तरी दुसरा हप्ता १ जानेवारीला येत नाही. अहवाल लिहायला आठवडा, कंपनीच्या माणसाची भेट आणि शंका-उत्तरं यांत दोन आठवडे, मंजुरीची बैठक आणि पैसे खात्यावर यायला आणखी दोन. एकूण पाच आठवडे. तोवर माणसं कामावर असतात, त्यांचे सुमारे दीड लाख. म्हणून पहिला हप्ता ७ लाख. दुसऱ्या हप्त्यातही हे पाच आठवडे धरले आहेत : वीस चाळी प्रत्येकी ६२ हजारांप्रमाणे १२ लाख ४० हजार, काटे आणि गोण्या ५० हजार, फेब्रुवारी ते एप्रिलचे पगार ३ लाख ६० हजार आणि पुन्हा दीड लाख. झाले १८ लाख.

हे दीड लाख म्हणजे जादा पैसे नव्हेत, ते एकूण बजेटमध्येच आहेत. फक्त एक हप्ता आधी येतात.

गेट थोडं पुढे ढकललं तर काय बिघडतं?

कोणतं गेट त्यावर आहे. गेट ३ दोन आठवडे सरकलं तर फारसं काही नाही. गेट १ सरकलं तर सगळा पायलट बसला. पंखे रिकाम्या चाळीतच बसवता येतात, कांदा भरल्यावर तळाशी हात पोचत नाही. पुरवठादार आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय माल बनवायला घेत नाही. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पैसे आले तर मार्चअखेर पंखे येतात आणि कांदा भरायच्या आत बसतात. महिनाभर उशीर झाला की कांदा आधी चाळीत जातो आणि पायलट महिनाभर नव्हे, वर्षभर मागे पडतो.

म्हणून गेटच्या तारखा पिकाच्या हिशेबाने पाडायच्या आणि देणाऱ्यालाही मुदत घालायची. करारात मी एक ओळ हमखास घालायला लावतो : 'पूर्ण अहवाल मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी निर्णय न कळवल्यास पगार व प्रवासाचा पुढील महिन्याचा खर्च आपोआप सोडला जाईल.' सगळा हप्ता आपोआप सोडा म्हटलं तर कोणतीही कंपनी मानत नाही. एवढं मानतात.

निकाल म्हणून नेमकं काय मोजायचं? शेतकऱ्याचं उत्पन्न वाढणं हाच खरा निकाल ना?

अंतिम हेतू तोच. पण गेटसाठी तो निकाल घेऊ नये.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला निर्यातच बंद केली. ती मे २०२४ मध्ये उठली. त्या काळात एखाद्या पायलटचं गेट 'शेतकऱ्याच्या उत्पन्नात १५ टक्के वाढ' असं असतं, तर चाळीत हवा खेळली की नाही याचा निकाल दिल्लीच्या एका अधिसूचनेने लावला असता. उलटही होतं. भाव चढला की पंखा नसलेल्या चाळीचं उत्पन्नही वाढतं आणि आपला पायलट फुकटात उत्तीर्ण होतो.

गेटचा निकाल पायलटमधल्या कृतीच्या शक्य तितका जवळचा असावा. इथे तो वजन आहे : भरताना किती किलो होतं आणि ९० दिवसांनी त्यातलं *विकण्याजोगं* किती उरलं. सडलेला आणि कोंब आलेला कांदा बाजूला काढायचा. वाळून झालेली घट वजनात आपोआप दिसते. 'विकण्याजोगा' म्हणजे काय हे करारातच फोटोसह ठरवून ठेवा. पत्ती सुटलेला कांदा विकण्याजोगा धरायचा की नाही, या एका मुद्द्यावर मी दोन तास चाललेली बैठक पाहिली आहे.

आणि आकडा तुलनेचाच हवा. 'नासाडी १५ टक्क्यांच्या आत' असं सरळ उद्दिष्ट ठेवलं तर कोरड्या वर्षी सगळेच पास आणि ओल्या वर्षी सगळेच नापास. त्यासाठीच त्याच गावांतल्या पंखे नसलेल्या वीस चाळी लागतात. त्या शेतकऱ्यांना वेळेचा मोबदला द्यावा लागतो, आणि ही तरतूद बजेट छाटताना सगळ्यात आधी उडवली जाते. ती उडाली तर गेट ३ वर विचारायला प्रश्नच उरत नाही.

मोजणी प्रत्यक्षात कशी होते?

पंचवीस टनांची चाळ ९० व्या दिवशी रिकामी करून कुणी वजन करू देणार नाही. म्हणून नमुना घेतात. प्रत्येक चाळीत दहा-दहा किलोच्या नऊ जाळीदार गोण्या, तळाला, मध्ये आणि वर प्रत्येकी तीन. गोणीला क्रमांकाचा बिल्ला असतो. चाळीस चाळींच्या मिळून ३६० गोण्या होतात.

यातली कमजोरी माहीत असू द्या. तळातली गोणी ढीग न मोडता काढता यावी म्हणून ती कडेच्या पट्ट्यांलगत ठेवावी लागते. तिथे हवा जास्त लागते, त्यामुळे ढिगाच्या पोटातली नासाडी गोणीत पुरती दिसत नाही. दोन्ही प्रकारच्या चाळींत गोण्या एकसारख्याच जागी असल्या तर तुलना बरीचशी टिकते, पण पूर्ण नाही. म्हणून ऑक्टोबरनंतर चाळी उपसतील तेव्हा निदान काही ठिकाणी संपूर्ण वजन करून ताळा बघायचा. चौथ्या हप्त्यात त्याचे पैसे आहेत.

शेतकऱ्याने ९० दिवसांच्या आतच कांदा विकला तर?

विकणारच. जुलैत भाव आला तर तुमच्या पायलटसाठी कोण थांबेल? दोन गोष्टी आधी ठरवा. चाळ उपसायच्या आदल्या दिवशी शेतकऱ्याने फोन करायचा आणि त्या दिवशी गोण्यांचं वजन घ्यायचं. त्या चाळीची तुलना जोडीच्या चाळीशी त्याच दिवशी करायची, म्हणजे ९० ऐवजी ७० दिवस झाले तरी दोन्हींचे दिवस सारखे राहतात. वीसपैकी सहापेक्षा जास्त चाळी अशा लवकर रिकाम्या झाल्या तर गेट ३ चा निर्णय 'पुरेशी माहिती नाही' असा लिहायचा. हा निर्णयही वैध आहे, तो नापासात धरू नये.

निकाल थोडक्यात हुकला तर काय करायचं?

आपल्या उदाहरणात नेमकं हेच होतं. ऑगस्टच्या मध्यावर आकडे आले. तुलनेच्या चाळींत नासाडी सरासरी २० टक्के. एक चतुर्थांशाने कमी म्हणजे पंख्यांच्या चाळींत १५ टक्के यायला हवी. आली साडेसोळा.

संस्थेच्या ताईंनी फोड करून दाखवली. वीसपैकी पंधरा चाळींत नासाडी बरोबर १५ टक्के आहे. उरलेल्या पाचांत २१ टक्के. त्या पाच वस्तीवरच्या चाळी, तिथे जुलैत रोहित्र जळलं होतं आणि तीन आठवडे वीज नव्हती. पंखे बंदच होते. "त्या पाच वगळल्या तर आपण पास आहोत," असं त्यांचं म्हणणं.

मोह होतो. कारण खरं आहे, वीजबिलांवरून आणि तक्रारीच्या नोंदीवरून ते पडताळताही येतं. तरी त्या चाळी वगळायच्या नाहीत. पायलट 'पंख्याने नासाडी कमी होते का' एवढंच विचारत नव्हता, 'नाशिकच्या शेतकऱ्याच्या चाळीत पंखा बसवला तर नासाडी कमी होते का' हे विचारत होता. त्या चाळीत वीज जाणं हा अपवाद नाही, रोजची गोष्ट आहे. उद्या पाचशे चाळींत पंखे बसवले तर त्यातल्या कित्येक याच अवस्थेत असतील. गेटचा आकडा सगळ्या वीस चाळींचा. फोड अहवालात हवीच, पण आकड्याच्या जागी नव्हे, त्याच्या खाली.

म्हणजे उद्दिष्ट हुकलं : २५ टक्के घट अपेक्षित होती, झाली साडेसतरा. मग ६ लाख अडवायचे? नाही. ते ६ लाख कशाचे आहेत ते बघा. साडेतीन लाख सप्टेंबर ते नोव्हेंबरची देखरेख आणि शेवटचं वजन यांचे. अडीच लाख पुढच्या हंगामात चाळींची संख्या वाढवण्याच्या तयारीचे. देखरेख थांबवली तर आतापर्यंतचे ३२ लाख अर्धवट माहितीवर जातात, म्हणून साडेतीन लाख सोडायचे. संख्या वाढवण्याची तयारी मात्र आता करायची नाही. त्या अडीच लाखांतून पाच चाळींना बॅटरी बसवायची आणि उरलेल्या दिवसांत त्या खंड न पडता चालतात का ते पाहायचं. खर्चाचा कप्पा बदलतोय, म्हणून लेखी दुरुस्ती करायची. एका पानाची.

निर्णयाच्या नोंदीत लिहायचं : 'उद्दिष्ट साध्य नाही, सशर्त पुढे.' बैठकीत सगळ्यांना 'अंशतः साध्य' लिहायचं असतं. लिहू नका. पुढच्या वर्षी ती फाइल उघडणाऱ्याला त्या शब्दावरून काहीही कळणार नाही.

आकडे सजवलेले आहेत हे कसं ओळखायचं?

गेट १ पासूनच बघायला लागा, कारण सजावट बहुतेक वेळा मोजणीत नसते, निवडीत असते. पंख्यांसाठी नीट वाळवून, मान कापून, प्रतवारी करून कांदा भरणारे शेतकरी निवडले आणि तुलनेला घाईने ओला कांदा भरणारे, तर पंखा न लावताही फरक दिसेल. म्हणून भरतानाची नोंद, म्हणजे वाण, काढणीची तारीख, किती दिवस वाळवला, ढिगाची उंची, दोन्ही गटांची शेजारी शेजारी ठेवून वाचा. चाळीस चाळी ठरवून मग चिठ्ठ्या टाकून पंखे कुणाला ते काढणं सगळ्यात चांगलं, गावाला ते पटतंही.

मोजणीत बघायचं तर काट्यावरचे आकडे बघा. ३६० गोण्यांपैकी बहुतेकांचं वजन ८.५ किंवा ८.० असं येत असेल तर कुणीतरी अंदाजाने लिहितंय. खरी वजनं ८.३७, ७.९२ अशी वेडीवाकडी असतात. काट्याच्या पडद्याचा आणि बिल्ल्याचा एकत्र फोटो मागा. दर दहातली एक गोणी दुसऱ्या माणसाने पुन्हा तोलावी. एवढं पुरतं, बाहेरून महागडा मूल्यमापक आणायची गरज या आकाराच्या पायलटला नसते.

३१ मार्चचं काय? कंपनी म्हणते, पैसे याच वर्षात खर्ची पडले पाहिजेत.

आपला पायलट दोन आर्थिक वर्षांत पसरलेला आहे आणि त्याची गेटं मार्चला विचारत नाहीत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मध्ये यासाठी वाट आहे, पण ती आधी धरावी लागते. कंपनीच्या संचालक मंडळाने प्रकल्पाला सुरुवातीलाच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजुरी दिली असेल, तर वर्षाअखेर न वापरलेली रक्कम वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या 'अव्ययित सीएसआर खात्या'त टाकता येते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत त्याच कामाला वापरता येते. तशी मंजुरी नसेल तर उरलेली रक्कम सहा महिन्यांत अनुसूची सातमधल्या एखाद्या निधीत, उदाहरणार्थ पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीत, भरावी लागते. पायलटच्या हातून ती गेली.

हे माहीत नसलेला अधिकारी फेब्रुवारीत फोन करतो : "तिसरा आणि चौथा हप्ता आत्ताच घेऊन टाका, गेट नंतर कागदावर करू." संस्थेलाही हातातले पैसे सोडवत नाहीत. पण त्या क्षणी गेट संपलं. शिवाय पैसे संस्थेच्या खात्यात आले म्हणजे ते खर्ची पडले असं होत नाही. ते ठरल्या कामाला, ठरल्या रीतीने वापरले गेले याचं प्रमाणपत्र कंपनीच्या वित्त प्रमुखाला द्यावं लागतं, आणि अजून न घडलेल्या ऑगस्टच्या खर्चाचं प्रमाणपत्र तो मे महिन्यात देणार कसं? करार करतानाच विचारा की मंडळाच्या ठरावात 'चालू प्रकल्प' हे शब्द आहेत का. ठरावाची प्रत मागा.

टप्प्यात पैसे उरले तर परत करायचे का?

पुढच्या हप्त्यातून वळते करणं सोपं. गेट अहवालासोबत उपयोगिता प्रमाणपत्र जातंच, त्यात शिल्लक आणि त्यावरचं व्याज वेगळं दाखवा. पण शिल्लक मोठी असेल, समजा हप्त्याच्या पाचव्या भागाहून जास्त, तर कारण लिहा. स्वस्तात काम झालं की काम झालंच नाही, हे आकड्यावरून कळत नाही. आपल्याकडे दुसऱ्या टप्प्यात ९० हजार उरले, कारण चार चाळींना जुनी वायरिंग चालली. आनंद आहे.

गेटवर 'बंद' ठरलं तर संस्थेने काय करायचं?

त्याची तजवीज करारात हवी, आणि ती रकमेत हवी. गेट ३ वर बंद ठरलं तरी चाळीत कांदा आहे, पंखे जोडलेले आहेत आणि तुलनेच्या शेतकऱ्यांना ऑक्टोबरपर्यंतचा मोबदला कबूल केलेला आहे. दोन कर्मचाऱ्यांना महिन्याची पूर्वसूचना द्यावी लागते. आपल्या बजेटात ही बांधिलकी साधारण २ लाख १० हजारांची निघाली. ती चौथ्या हप्त्यातला 'काहीही ठरलं तरी सुटणारा' भाग म्हणून नोंदवली.

पंखे कुणाचे हाही प्रश्न तेव्हाच येतो. कराराने ते शेतकऱ्याकडे राहतात, काढून न्यायचे नाहीत. मागे एका पायलटमध्ये हे लिहिलेलं नव्हतं. बंद झाल्यावर देणाऱ्यांनी साहित्याची यादी मागितली आणि आमचा माणूस टेम्पो घेऊन गावोगाव यंत्रं उचलत फिरला. दोन वर्षांनी त्याच गावांत दुसऱ्या कामासाठी गेलो, तेव्हा चहा मिळाला, सही मिळाली नाही.